झोपलेली राजकन्या आणि जाळलेल्या टकळ्या

मुलींना परीकथा सांगाव्यात की सांगू नयेत, असा प्रश्न आपल्या शिबिरांमध्ये निघाला की साधारणपणे दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, या गोष्टी मुलींना राजपुत्राची वाट बघायला शिकवतात, त्या टाकूनच द्याव्यात. दुसरी म्हणते, गोष्टी म्हणजे करमणूक, आणि आता तर नव्या सिनेमांनी त्या सुधारूनही घेतल्या आहेत, मग एवढं काय? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. दोन्ही बाजू गोष्टीच्या शेवटाकडे, म्हणजे राजपुत्र आणि लग्न यांच्याकडेच बघतात. गोष्टीत त्याआधी काय घडलं, इकडे फारसं कुणी बघत नाही. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट घेणार आहे. ती आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे: शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची.

ही गोष्ट आपण ज्या रूपात ऐकतो ते रूप जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचं आहे. त्यांचा संग्रह १८१२ साली निघाला. त्यांच्या आधी, १६९७ साली, फ्रान्समध्ये शार्ल पेरो यानं ती लिहिली होती. आणि त्याच्याही आधी इटलीत, नेपल्सच्या बोलीत, जांबात्तिस्ता बासिले याच्या संग्रहात ती होती. हा संग्रह बासिलेच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. तिन्ही रूपं शेजारी-शेजारी ठेवून वाचली की कळतं, ही ‘जुनी’ गोष्ट कधीच एकसारखी राहिलेली नाही. ज्यानं-त्यानं आपल्या काळाला न पटणारं काढून टाकलं आणि पटणारं घातलं. नव्या सिनेमांनी गोष्ट बदलली म्हणून हळहळायचं कारण नाही, आणि बदलली म्हणून आनंद मानायचंही नाही. काय काढलं आणि काय ठेवलं, एवढंच बघायचं.

बासिलेच्या गोष्टीतल्या मुलीचं नाव तालिया. तिच्या जन्माच्या वेळी पंडित सांगतात की अळशीच्या वाखातल्या एका कुसळामुळे तिच्यावर मोठं संकट येईल. बाप घरात वाख आणू देत नाही. मुलगी मोठी होते, खिडकीतून सूत कातत जाणारी म्हातारी बघते, तिला नवल वाटतं, ती हात लावते, कुसळ नखात जातं आणि ती निपचित पडते. बाप तिला वाड्यात बसवून, दारं लावून निघून जातो. पुढे शिकारीला आलेला एक राजा बहिरी ससाण्याच्या मागे आत शिरतो. तो तिला हाका मारतो. ती उठत नाही. तो तिला उचलून पलंगावर नेतो, तिच्याशी संभोग करतो आणि आपल्या राज्यात परत जाऊन तिला विसरून जातो. नऊ महिन्यांनी, झोपेतच, तिला जुळी मुलं होतात. एक बाळ स्तन शोधताना तिचं बोट चोखतं, कुसळ निघतं आणि ती जागी होते.

म्हणजे या तीन रूपांत जो पहिला ‘राजपुत्र’ भेटतो तो विवाहित राजा आहे, आणि त्यानं केलं त्याला आज आपण बलात्कार म्हणतो. राजकन्येला जागं तो करत नाही, तिचं मूल करतं. मग गोष्टीत शिक्षा कुणाला होते? राजाच्या राणीला. ती सुडानं मुलं कापून शिजवायचा हुकूम देते, आचारी मुलांना लपवतो, शेवटी राणीलाच आगीत टाकतात आणि राजाचं तालियाशी लग्न होतं. गोष्टीचा बोध असा दिला आहे की नशीबवानाला झोपेतही भाग्य मिळतं!

साठेक वर्षांनंतर पेरोनं ही गोष्ट राजदरबारातल्या सुसंस्कृत वाचकांसाठी लिहिली तेव्हा त्याला हा राजा परवडण्यासारखा नव्हता. त्याचा राजपुत्र अविवाहित आहे. तो पलंगाजवळ गुडघे टेकतो आणि नेमकी त्याच वेळी शंभर वर्षं संपल्यामुळे राजकन्या जागी होते. चुंबन नाहीच. पण मुलं खाऊ बघणारी दुष्ट बाई तशीच राहते, फक्त बायकोच्या जागी ती सासू होते. ग्रिमांनी ही दुसरी बाईही काढली आणि चुंबन घातलं. प्रत्येक आवृत्तीत पुरुषाचा गुन्हा थोडा-थोडा धुतला गेला. जोवर गोष्टीत दोषी कुणी लागत होतं तोवर तो दोष दुसऱ्या बाईच्या पदरात पडत राहिला. कुटुंब सल्ला केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तीला हे ओळखीचं वाटेल. नवरा भेटायलाच येत नाही, आणि सगळी चर्चा सासू, नणंद आणि ‘ती दुसरी’ यांच्याभोवती फिरत राहते.

आता सुटकेचा प्रश्न घेऊ. ग्रिमांची गोष्ट नीट वाचली तर राजपुत्र काहीच करत नाही. वाड्याभोवती काट्यांचं कुंपण वाढलेलं आहे. त्याच्या आधी कितीतरी राजपुत्र आले, तेही तरुण होते, शूर होते, आणि ते काट्यांत अडकून मेले. हा आला त्याच दिवशी शंभर वर्षं भरली. काट्यांची फुलं झाली, त्यांनी आपण होऊन वाट दिली, तो आत गेला. त्याच्या जागी कुणी वाट चुकलेला गुराखी आला असता तरी वाट मिळालीच असती. श्रेय काळाचं आणि सत्कार राजपुत्राचा, असा हा प्रकार आहे.

हे साधं वाचन मुलींना सांगितलं की त्या चकित होतात, कारण त्यांनी पाहिलेल्या सिनेमात तसं नाही. डिस्नेचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ १९५९ साली आला. त्यात शंभर वर्षं जवळजवळ एका रात्रीवर आली. राजपुत्राच्या हातात तलवार आणि ढाल आली, काटे त्यानं तोडले, आगीच्या लोळाचा राक्षसी सर्प मारला. जुन्या गोष्टीत जो केवळ योग्य दिवशी आलेला पाहुणा होता, तो आता खरोखरीचा तारणहार झाला. म्हणजे मुलीला पुरुषानं वाचवायचं, ही शिकवण जितकी ‘जुन्या परीकथांची’ म्हणून आपण नावं ठेवतो, तितकीच ती विसाव्या शतकातल्या सिनेमाची आहे.

त्या सिनेमानं आणखी एक गोष्ट मोठ्या हुशारीनं केली. राजकन्या आणि राजपुत्र आधी रानात भेटतात, एकमेकांना आवडतात. घरी आल्यावर तिला कळतं की आपलं लग्न बापानं लहानपणीच ठरवून ठेवलंय. ती रडते. आता खरा पेच यायला हवा होता: मुलीची इच्छा एक, बापाचा शब्द दुसरा. पण तो येतच नाही, कारण रानात भेटलेला तरुण आणि बापानं ठरवलेला वर हे एकच निघतात. मुलीला प्रेमही मिळालं आणि आज्ञाही मोडावी लागली नाही. आपल्या हिंदी-मराठी सिनेमांनीही हा तोडगा किती वेळा वापरला, याची आठवण वाचकांना करून द्यायला नको. खऱ्या आयुष्यात ते दोघं एक निघत नाहीत. मग मुलगी आपल्याकडे येते, कधी पोलिसांच्या गाडीतून, कधी त्याच्याही नंतर.

वाट बघण्याविषयीही असंच. ग्रिमांच्या गोष्टीत राजकन्या झोपते तेव्हा सगळा वाडा झोपतो: राजा, राणी, घोडे, कुत्रे, भिंतीवरच्या माश्या, चुलीतला जाळसुद्धा. जागी होते तेव्हा सगळं आहे तिथून पुढे सुरू होतं. तिचं काहीच बुडत नाही. वाट बघायला खर्च येत नाही, ही या गोष्टीतली सर्वांत मोठी थाप आहे. पेरोला मात्र ती थाप दिसली असावी. त्याच्या राजपुत्राला दिसतं की हिचे कपडे आपल्या आजीच्या काळातले आहेत. तो शहाणा, म्हणून बोलून दाखवत नाही. म्हणजे बाहेर शंभर वर्षं गेली होती, थांबली होती ती फक्त ही.

आमच्याकडे आलेल्या एका बाईची हकिकत इथे सांगते. नाव-गाव वगळते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली. नवऱ्यानं निरोप दिला, ‘बोलावतो’. ती थांबली. आईनं सांगितलं थांब, भावांनी सांगितलं थांब, समाजातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, कोर्टाची पायरी चढलीस तर ते दार कायमचं बंद होईल. तिला वेडी म्हणायचं कारण नाही. तिच्यापुढे जो एकच रस्ता सगळ्यांनी मिळून ठेवला होता त्यावर ती उभी होती. सहा वर्षांनी कळलं, नवऱ्यानं दुसरं घर केलं आहे. मग तिनं पोटगीचा अर्ज केला. हा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. बाईच्या दृष्टीनं हा निकाल चांगलाच आहे, कारण त्याआधी पुष्कळदा हुकुमाच्या तारखेपासून पोटगी मिळायची आणि खटला लांबला की तेवढे पैसे बुडायचे. पण ‘अर्जाच्या तारखेपासून’ याचा दुसरा अर्थ असा की अर्जाच्या आधीची वर्षं हिशेबात येत नाहीत. महिना ४,००० रुपये धरले तरी सहा वर्षांचे २ लाख ८८ हजार होतात. तिच्या वाट बघण्याची ही पावती. तेवढ्यात मुलगी पहिलीत गेली होती, आणि घरात भावजय आली होती.

म्हणून माहेरी बसलेल्या बाईला ‘थांबू नकोस’ असं नुसतं सांगून चालत नाही. अर्ज करणं म्हणजे नांदायला नकार देणं नव्हे, अर्ज चालू असतानाही समेट होऊ शकतो, हे तिला आणि तिच्या आईला समजावून सांगावं लागतं. थांबायचंच असेल तर जागेपणी थांब, तारीख नोंदवून थांब.

आता तिसरी गोष्ट, इच्छेची. या गोष्टीत राजकन्येला स्वतःला काही हवंसं वाटतं का? लग्न तिच्यावर येऊन पडतं, राजपुत्र येऊन पडतो. तरी एक जागा आहे. ग्रिमांच्या गोष्टीत ती पंधरा वर्षांची आहे, आईबाप घरी नाहीत, ती एकटी वाडाभर हिंडते, जुन्या मनोऱ्याचा जिना चढते, गंजकी किल्ली फिरवते, आत सूत कातणारी म्हातारी दिसते. टकळी नाचताना बघून तिला गंमत वाटते, ती विचारते हे काय आहे, आणि हात पुढे करते. संपूर्ण गोष्टीत तिनं स्वतःहून केलेली ही एवढीच कृती. आणि ह्या एवढ्याच कृतीला शिक्षा आहे.

का होते ही शिक्षा? सगळे म्हणतात शाप. पण शाप सगळ्यांना ठाऊक होता, फक्त तिला ठाऊक नव्हता. बापानं काय केलं? राज्यातल्या सगळ्या टकळ्या जाळायचा हुकूम काढला. पेरोच्या राजानं तर टकळी बाळगणाऱ्याला देहदंड ठेवला. सूत कातणं हे त्या काळात घरोघरच्या बायकांचं काम होतं, गरीब बाईच्या हातात त्यातूनच चार पैसे पडत. एका मुलीच्या रक्षणासाठी राज्यातल्या बायकांचं साधन जाळलं, आणि जिच्यासाठी जाळलं तिला टकळी म्हणजे काय हेच कळू दिलं नाही. टकळी रोज बघणाऱ्या मुलीला तिच्या टोकाची सवय असते. हिनं ती कधी बघितलीच नव्हती, म्हणून तिला ती इतकी नवलाची वाटली. मला वाटतं, या गोष्टीतला खरा अपराध इथे आहे, आणि तो शत्रूनं नव्हे, प्रेमळ बापानं केलेला आहे.

किशोरवयीन मुलींच्या गटात मी ही गोष्ट इथेच थांबवते. तेरा ते सोळा वयाच्या बारा-पंधरा मुली असतात. राजाच्या हुकुमापर्यंत गोष्ट सांगायची आणि विचारायचं, राजाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? पहिली उत्तरं ठरलेली येतात: तिला खोलीत ठेवलं असतं, मामाच्या गावाला पाठवलं असतं, लवकर लग्न करून दिलं असतं. घाई न करता थांबलं की दुसरी उत्तरं येतात. एकदा एका वस्तीत, रस्त्यातली पोरं मागे लागतात म्हणून नववीतून शाळा सुटलेल्या मुलीनं सांगितलं, “तिला टकळी दाखवायला पाहिजे होती. कशी धरायची, टोक कुठं असतं, ते सांगायला पाहिजे होतं.” मग मी विचारलं, तुमच्या घरी कोणकोणत्या टकळ्या जाळल्यात? मोबाइल, सायकल, पाळीची माहिती, मुलांशी बोलणं, आणि हिच्या बाबतीत शाळा. यादी त्यांनीच केली.

दुसऱ्यांदा थांबायचं ते राजपुत्र पलंगाजवळ आल्यावर. ती जागी असती तर तिनं त्याला काय विचारलं असतं? नाव काय, काम काय करतोस, दारू पितोस का, घरी कोण-कोण आहे, मला शिकू देशील का. हशा होतो, पण त्या हशातून एक मुद्दा आपोआप येतो: हे सगळे प्रश्न झोपलेल्या बाईला विचारता येत नाहीत. मग चुंबनाविषयी बोलता येतं. ‘ती काही बोलली नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती’ हा समज आपल्या चळवळीला चांगला ठाऊक आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही असं म्हणत दोन्ही पोलिसांना सोडलं. त्याविरुद्धच्या आंदोलनातून १९८३ ची कायदादुरुस्ती आली. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, आणि जी बाई संमती कळवूच शकत नाही तिच्याशी केलेला संभोग हा बलात्कार, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडलं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ते आहे. पण त्याच कलमात अठरा वर्षांवरच्या पत्नीबाबतचा अपवाद शिल्लक आहे. तालियाचा राजा आज गुन्हेगार ठरेल, तोही लग्नाआधीपुरताच.

या पार्श्वभूमीवर नव्या सिनेमाकडे बघू. २०१४ साली डिस्नेनंच ‘मॅलेफिसंट’ हा चित्रपट काढला. लिंडा वुल्व्हर्टन या लेखिकेनं गोष्ट शाप देणाऱ्या परीच्या बाजूनं सांगितली. स्टीफन नावाचा तरुण तिला गुंगीचं औषध देतो आणि ती झोपेत असताना तिचे पंख कापून नेतो. त्या बळावर तो राजा होतो. हा प्रसंग बलात्काराचं रूपक म्हणूनच योजला होता, असं प्रमुख भूमिका करणाऱ्या अँजेलिना जोली यांनी सांगितलं आहे. बासिलेच्या गोष्टीतून पुसलेला गुन्हा असा जवळजवळ चारशे वर्षांनी परत पडद्यावर आला, आणि दुष्ट ठरवलेल्या बाईचंही ऐकून घेतलं गेलं. पुढे राजपुत्राला झोपलेल्या मुलीचं चुंबन घे म्हणतात तेव्हा तो कचरतो, आपली नीट ओळखही नाही म्हणतो. घेतो, पण ती उठत नाही. तिला जाग येते ती पश्चात्तापानं तिच्या कपाळाचं चुंबन घेणाऱ्या मॅलेफिसंटमुळे. आणि नंतर तीच मुलगी कापलेले पंख मोकळे करून मॅलेफिसंटला वाचवते. बायकांनी बायकांना वाचवणं ही आपली भाषा आहे, ती एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसली हे मला मोलाचं वाटतं.

तरीही एक गोष्ट खटकते. टकळ्या इथेही जाळलेल्याच आहेत, मोडके चरखे वाड्याच्या तळघरात कोंडले आहेत. आणि मुलगी त्या खोलीत जाते कशी? भारल्यासारखी चालत. १९५९ च्या सिनेमातही ती हिरव्या उजेडामागे अशीच भारल्यासारखी चालत गेली होती. ग्रिमांच्या गोष्टीत ती निदान स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या कुतूहलानं जिना चढली होती. दोन्ही सिनेमांनी तिची ती एकुलती एक इच्छाही काढून घेतली. नव्या सिनेमात सुटका करणारी व्यक्ती बदलली, प्रियकराच्या जागी आई आली. वाट बघणं जवळजवळ नाहीसं झालं. पण त्या सोळा वर्षांच्या मुलीला काय हवं आहे, हा प्रश्न तिथेही कुणी विचारत नाही. आईची माया शुद्ध, म्हणून चालते, मुलीचं आकर्षण मात्र अजून अडचणीचं आहे.

ही अडचण आपल्या चळवळीतही आहे. गोष्टीच्या शेवटी मुलींना विचारलं की त्या एका सुरात म्हणतात, “आम्हाला राजपुत्र नको, आम्ही स्वतःच्या पायावर उभ्या राहू.” हे ऐकून समाधान मानलं की फसायला होतं. सगळ्यांचं उत्तर एक आणि तेही घोषणेसारखं आलं, तर समजावं की मुलींनी ताईंना काय आवडतं ते ओळखलं आहे. त्यांतलीच एखादी घरी जाताना हळूच मागे राहते आणि विचारते, “ताई, एक मुलगा आवडतो म्हणजे माझ्यात काही वाईट आहे का?” ज्या गटात हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारता येत नाही, तिथे आपणही एक टकळी जाळलेली असते. इच्छा असणं आणि इच्छेपायी सगळं दुसऱ्याच्या हाती सोपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीला पहिली नाकारली की दुसरीपासून सावध कसं राहायचं, हेही तिला सांगता येत नाही.

या गोष्टीचं एक भावंड आपल्या मुलखातही आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मुलीनं, मेरी फ्रिअरनं, १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा लोककथांचा संग्रह इंग्रजीत छापला. त्यातल्या गोष्टी तिला ॲना लिबराटा डिसूझा या ख्रिस्ती आयेनं सांगितल्या. ॲना विधवा होती, मुलांसाठी तिला नोकरी धरावी लागली होती. तिच्या गोष्टीतली सूर्याबाई ही गवळणीची मुलगी. गरुड तिला पळवतात आणि आपल्या उंच घरात वाढवतात. राक्षसाचं दारात मोडून अडकलेलं नख हातात शिरतं आणि ती मेल्यासारखी पडते. राजा ते नख काढतो, ती उठते, लग्न होतं. युरोपातली प्रसिद्ध गोष्ट जिथे संपते तिथे ही सुरू होते. थोरली राणी तिला तळ्यात ढकलते. तिथे सूर्यफूल उगवतं. ते जाळलं तर राखेतून आंब्याचं झाड येतं. त्याचं फळ एका म्हाताऱ्या गवळणीच्या दुधाच्या भांड्यात पडतं, आणि त्यातून सूर्याबाई पुन्हा बाहेर येते. ती गवळण तिची आईच असते.

या गोष्टीतही दोष सवतीच्याच माथी आहे, हे खरं. पण सुटका म्हणजे लग्न नव्हे, खरी परीक्षा लग्नानंतर सुरू होते, आणि जाळलं तरी परत उगवायचं असतं, हे सांगायला ॲना डिसूझाला कुणाच्या व्याख्यानाची गरज पडली नाही. अर्थात यावर एक आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. १९७० साली ॲलिसन ल्यूरी या अमेरिकन लेखिकेनं परीकथा स्त्रीमुक्तीला पोषकच आहेत, त्यांत धीट नायिका आहेत, असं लिहिलं. १९७२ साली मार्शा लिबरमन यांनी उत्तर दिलं की संग्रहाच्या कोपऱ्यातल्या धीट नायिका मुलींना ठाऊकच नसतात, मुलींवर संस्कार होतो तो प्रसिद्ध गोष्टींचा. सूर्याबाईचंही तेच आहे. पुस्तकात राहिली तर ती कुणालाच वाचवणार नाही, गटात सांगितली तरच तिचा उपयोग.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रसिद्ध गोष्ट टाळू नये. मुलींपासून ती लपवणं हा राजाचाच हुकूम झाला, त्यांना ती सिनेमात, मालिकांत, लग्नाच्या मांडवात भेटणारच आहे. ती पूर्ण सांगावी, तिची दोन-तीन रूपं शेजारी ठेवावीत, सूर्याबाई त्यांच्या जोडीला घ्यावी, आणि प्रत्येक रूपात तीनच गोष्टी विचाराव्यात: या क्षणी जागं कोण आहे? ठरवतंय कोण? आणि तिला काय हवंय, हे कुणी विचारलं का? हेच तीन प्रश्न पुढे मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात, समेटाच्या बैठकीत आणि पोलीस ठाण्याच्या बाकावरही विचारता येतात. बैठकीत सगळे जागे आहेत, ठरवताहेत, आणि जिच्याबद्दल ठरतंय ती आतल्या खोलीत चहा करते आहे, असं दिसलं तर कार्यकर्तीनं बैठक तिथेच थांबवावी, तिला बाहेर बोलवावं आणि आधी तिला बोलू द्यावं.